धागा: चिन्ह चुकलं म्हणून गुण कापले, पण मी दिशा वेगळी धरली होती. मॅडमना फेरतपासणीची विनंती कशी लिहू?

कोरा_कागद
भौतिकशास्त्राची घटक चाचणी झाली, कालच उत्तरपत्रिका हातात मिळाली. प्रश्न ३ (ब) ५ गुणांचा होता, मला दीड मिळाला. प्रश्न असा: २० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? जमिनीवर आदळतानाचा वेग दिशेसह सांगा. g = 10 m/s² घ्या.

मी खालची दिशा धन धरली. माझं उत्तर जसं लिहिलंय तसं:

```
u = -15, a = +10, s = +20
20 = -15t + 5t²
t² - 3t - 4 = 0
(t - 4)(t + 1) = 0
t = 4 s
v = -15 + 10 × 4 = +25 m/s
```

मॅडमनी -15 भोवती लाल गोल केला आहे आणि समासात 'चिन्ह चूक' लिहिलंय. शेवटच्या +25 वर फुली आहे. वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलं तेव्हा त्यांनी वरची दिशा धन घेतली होती, त्यांचं उत्तर -25 आलं. मी मेल लिहिली आहे, अजून पाठवलेली नाही. बघून सांगा:

"मॅडम, मला प्रश्न ३ ब मध्ये खूप कमी मार्क मिळाले आहेत. माझं उत्तर बरोबर आहे. माझ्या मैत्रिणीचंही उत्तर ४ सेकंदच आहे आणि तिला साडेचार दिले आहेत. मी खूप अभ्यास केला होता. कृपया पुन्हा तपासून मार्क वाढवून द्यावेत ही विनंती."

रानवारा
मेलबिल कशाला? सरळ पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भर. आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागायची, मग मुदतीच्या आत फी भरून अर्ज करायचा. तोंडी किंवा मेलवरच्या विनंतीला काही अर्थ नसतो.

तपासनीस
रानवारा, तुम्ही सांगताय ती पद्धत मोठ्या परीक्षेची. तिथे तपासणारा कोण हे विद्यार्थ्याला ठाऊक नसतं आणि उत्तरपत्रिका हातात मिळत नाही, म्हणून तिथे अर्ज, प्रत आणि मुदत लागते. ही घटक चाचणी आहे. पेपर विद्यार्थिनीकडे आहे, तपासणाऱ्या मॅडम वर्गावर शिकवतात आणि गुण बदलायचे की नाही हे त्याच ठरवणार. इथे विनंतीच करायची असते. मात्र गुण अंतिम यादीत चढायच्या आत करावी, एवढी मुदत इथेही असते.

कोरा_कागद, मसुद्यावर बोलण्याआधी एकच विचारतो. खालची दिशा धन धरली हे उत्तरपत्रिकेत कुठे दिसतं का? तुझ्या मनात काय होतं ते मॅडमना तपासताना कळणार नाही. सगळी विनंती यावर उभी आहे.

कोरा_कागद
आकृतीत दाखवलंय. इमारत काढून बाजूला खाली जाणारा बाण आणि त्यावर + असं चिन्ह. पण आकृती पान ६ च्या तळाशी आहे आणि उदाहरण पान ७ वर. बाण पेन्सिलीने काढलाय, जरा फिका आहे. शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही.

तपासनीस
मग काय झालं असेल ते बऱ्यापैकी उघड आहे. गठ्ठा तपासताना एक प्रश्न हातात घेऊन सगळ्यांचा तोच प्रश्न ओळीने पाहतात. डोळ्यांसमोर आदर्श उत्तरातले u = +15, a = -10, s = -20 असतात. पान ७ उघडलं की पहिल्याच ओळीत तिन्ही चिन्हं उलटी. पान उलटून मागची आकृती पाहिली नाही, तर ती चूकच वाटणार. तेव्हा विनंतीतला सगळ्यात कामाचा शब्द 'पान ६' हा आहे. तुझ्या मसुद्यात तो नाही.

आणि एक सक्त सूचना. तो फिका बाण आता गडद करू नकोस. उत्तरपत्रिकेवर पेन, पेन्सिल, खोडरबर काहीही टेकवू नकोस, शेजारी टीपसुद्धा नको. पेपर परत मिळाल्यावर त्यावर काही लिहिलं गेलं असेल तर बरोबर असलेली विनंतीही संशयात जाते. दोन्ही पानांचे फोटो आत्ताच काढून ठेव.

मधली_सुट्टी
एवढं कशाला लांबवताय? मला इतिहासात आतल्या गुणांची बेरीज ३८ होत होती आणि पहिल्या पानावर ३६ लिहिलं होतं. तास संपल्यावर सरांना दाखवलं, तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मेल कसली लिहायची!

तपासनीस
तुमचं प्रकरण बेरजेचं होतं. बेरीज चुकली तर तोंडी दाखवणंच बरं, कारण त्यात मत द्यायला जागाच नाही. इथे तपासणाऱ्याने एक निर्णय घेतलाय आणि तो पुन्हा बघा म्हणायचंय. त्यासाठी मॅडमना निवांत बसून दोन पानं समोरासमोर ठेवावी लागतील. तास संपताना दहा मुलं टेबलाभोवती असतात, तिथे घाईत उत्तर द्यावं लागलं तर ते बहुतेक वेळा 'नाही' असतं.

बाकी मधली_सुट्टी यांच्या बोलण्यातलं एक घ्यावं. आधी सगळ्या प्रश्नांचे गुण मोजून पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघ, आणि एखादा उपप्रश्न तपासायचा राहिला नाही ना तेही बघ. तसं काही निघालं तर ते याच वेळी सांगायचं. एकाच पेपरसाठी दोनदा जाणं बरं दिसत नाही.

कोरा_कागद
मोजलं. बेरीज बरोबर आहे, राहिलेलंही काही नाही. फक्त ३ (ब).

पालक_एक
स्पष्ट बोलतो. दीड गुण म्हणजे मुलीवर अन्याय आहे. पालकांनी थेट मुख्याध्यापकांना भेटावं, सोबत मैत्रिणीचा पेपर न्यावा. दोन पेपर शेजारी ठेवले की कुणाला काही बोलता येणार नाही.

तपासनीस
तुमची कळकळ समजते, पण या दोन्ही गोष्टींनी मुलीचं नुकसान होईल. मॅडमना अजून कुणी विचारलेलंच नाही. त्यांना न विचारता वर गेलं की प्रश्न चिन्हाचा राहत नाही, मॅडमच्या वागण्याचा होतो आणि त्यांना स्वतःची बाजू मांडत बसावं लागतं. मॅडमनी उत्तर दिलंच नाही किंवा कारण न सांगता नाही म्हटलं, तर पुढची पायरी आहेच.

मैत्रिणीचा पेपर तर नकोच. तिने वरची दिशा धन धरली असेल तर तिचं उत्तर वेगळं आहे, तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय तिच्या पेपरात एखादा गुण चुकून जास्त पडला असेल तर तो कमी होईल, आणि तिने तर काही मागितलेलंही नाही. मसुद्यातलं मैत्रिणीचं वाक्य काढ. 'खूप अभ्यास केला होता' हेही काढ. अभ्यासाला गुण देता येत नाहीत, कागदावर जे आहे त्यालाच देता येतात.

रानवारा
तुलना नको, मान्य. पण मग '४ सेकंद बरोबर आलं' हेही लिहू नये. दोन चिन्हं चुकली की एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर बरोबर येतं. त्यावरून पद्धत बरोबर होती असं म्हणता येत नाही.

आकडेमोड
एरवी हे खरं असतं, या उदाहरणात नाही. u, a आणि s तिघांना धन किंवा ऋण अशा एकूण आठच जोडण्या होतात. आठही करून पाहिल्या. ४ सेकंद फक्त दोन जोडण्यांत येतं: वरची दिशा धन धरून तिन्ही नीट घेतले तर, किंवा खालची धन धरून तिन्ही नीट घेतले तर. दुसरं समीकरण म्हणजे पहिल्यालाच -1 ने गुणलेलं, त्यामुळे मुळं तीच.

चिन्हांची सरमिसळ झाली की काय होतं ते बघा. एकाही राशीला ऋण चिन्ह दिलं नाही तर:

```
20 = 15t + 5t²
t² + 3t - 4 = 0
t = 1 s
```

दगड वर जायलाच दीड सेकंद घेतो, मग १ सेकंदात जमिनीवर कसा पडेल? तिन्ही राशी ऋण घेतल्या तरी हेच १ सेकंद येतं. उरलेल्या चार जोडण्यांत t² चा सहगुणक १ केला की वर्गमुळाखाली 9 - 16 येतं, म्हणजे वास्तव उत्तरच नाही. दोन चिन्हं चुकूनही ४ मिळेल अशी एकही जोडणी इथे नाही. तेव्हा ४ सेकंद आलं याचा अर्थ तिने एकच दिशा धरून शेवटपर्यंत पाळली.

वेगाचा पडताळा चिन्हाला न शिवता होतो. v² = u² + 2as मध्ये 225 + 400 = 625, म्हणून वेगाचं परिमाण २५. हे दोन्ही दिशासंकेतांत सारखंच.

रानवारा
आठही जोडण्या मीही करून पाहिल्या, बरोबर आहे. माझं म्हणणं मागे घेतो. पण हे सगळं मेलमध्ये टाकणार का? मॅडमनाच भौतिकशास्त्र शिकवल्यासारखं होईल.

तपासनीस
आठ जोडण्या टाकायच्या नाहीत. एकच वाक्य पुरेसं आहे: दोन्ही दिशासंकेतांत समीकरण एकच येतं. पुढचं मॅडमना सांगावं लागणार नाही, त्यांना फक्त तो बाण दिसायला हवा.

आता गुणांचं बोलू. मॅडमनी गुणांची विभागणी सांगितली होती का? कुठे किती कापले?

कोरा_कागद
हो, फळ्यावर लिहिली होती. वेळेला ३: मांडणी १, समीकरण सोडवणं १, ऋण मूळ का सोडलं त्याचं कारण अर्धा, एककासह उत्तर अर्धा. वेगाला २: किंमती घालणं १, उत्तराचं परिमाण अर्धा, दिशा अर्धा.
मला सोडवण्याचा १ आणि ४ सेकंदाचा अर्धा, असा दीड मिळाला. मांडणीला शून्य, वेगाला शून्य. कारणाचाही अर्धा गेला.

तपासनीस
कारणाचा अर्धा गुण बरोबर कापलाय. t = -1 का सोडलं ते तू लिहिलेलं नाहीस. 'वेळ ऋण नसतो' एवढे तीन शब्द हवे होते. तो मागू नकोस आणि मागत नाही हे मेलमध्ये लिही. त्याने दोन गोष्टी होतात: तू पेपर स्वतः प्रामाणिकपणे तपासलास हे दिसतं, आणि मॅडमना संपूर्ण प्रश्न नव्याने तपासावा लागत नाही.

मांडणीचा १, वेगात किंमती घालण्याचा १ आणि परिमाणाचा अर्धा, हे अडीच मला पक्के वाटतात. दिशेचा अर्धा मात्र वादाचा आहे. प्रश्नात 'दिशेसह' म्हटलं होतं. तू +25 लिहिलंस, 'खाली' असं लिहिलं नाहीस.

आकडेमोड
इथे मी सहमत नाही. दिशासंकेत आकृतीत दिलेला असेल तर + म्हणजेच खाली. मॅडमच्या आदर्श उत्तरातही नुसतं -25 असेल आणि त्याला दिशेचा अर्धा मिळत असेल, तर +25 लाही मिळायलाच हवा. एकीकडे चिन्ह म्हणजे दिशा आणि दुसरीकडे नाही, असं कसं चालेल?

तपासनीस
मुद्दा बिनतोड आहे, फळ्यावर नुसतं -25 होतं असं धरलं तर. तिथे पुढे 'म्हणजे खालच्या दिशेने' असं वाक्य असेल तर मॅडमची बाजू बरोबर ठरते. कोरा_कागद, आठवतंय का?

कोरा_कागद
नाही आठवत. मी फक्त आकडे उतरवले होते.

तपासनीस
मग तो अर्धा गुण हक्काने मागू नकोस, मॅडमच्या निर्णयावर सोड. आणि 'मार्क वाढवून द्यावेत' हे तर कुठेच नको. पुन्हा पाहायची विनंती करायची, किती द्यायचे ते त्या ठरवतील. कुठला टप्पा पाहायचा तेवढं मात्र नेमकं सांगायचं.

पालक_एक
पुन्हा तपासताना गुण कमी झाले तर? त्या भीतीने कित्येक मुलं गप्प बसतात.

तपासनीस
होऊ शकतात, ते नाकारत नाही. म्हणूनच विनंती एकाच प्रश्नाची आणि ठरावीक टप्प्यांची असावी. 'पूर्ण पेपर पुन्हा बघा' म्हटलं तर दुसऱ्या प्रश्नात सढळ हाताने दिलेला अर्धा गुणही नजरेत येतो. या प्रश्नात मिळालेला दीड गुण मला तरी पक्का दिसतो.

कोरा_कागद
नवा मसुदा. आता बघा:

विषय: भौतिकशास्त्र घटक चाचणी, प्रश्न ३ (ब) पुन्हा पाहण्याबाबत विनंती

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

घटक चाचणीतील प्रश्न ३ (ब) च्या माझ्या उत्तराबद्दल एक विनंती करायची आहे. या प्रश्नाला मला ५ पैकी १½ गुण आहेत. पान ७ वर u = -15 येथे 'चिन्ह चूक' असा शेरा आहे.

या उदाहरणात मी खालची दिशा धन धरली होती. तसा बाण + चिन्हासह पान ६ च्या तळाशी आकृतीत आहे. बाण पेन्सिलीने काढलेला असून फिका आहे आणि मी तो शब्दांत लिहिलेला नाही, त्यामुळे तो नजरेतून सुटला असावा. या दिशासंकेतानुसार u = -15, a = +10, s = +20 असे घेतल्यावर समीकरण आपण फळ्यावर सोडवलेल्या समीकरणासारखेच येते आणि t = 4 s मिळतो. वेग +25 m/s येतो, म्हणजे खालच्या दिशेने २५ m/s.

ऋण मूळ सोडण्याचे कारण मी लिहिलेले नाही. तो अर्धा गुण गेला हे योग्यच आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

मांडणीचा टप्पा आणि वेगाचा भाग आपण पान ६ वरील आकृतीसह पुन्हा एकदा पाहावा, ही नम्र विनंती. शेवटच्या उत्तरात 'खाली' हा शब्द नाही. केवळ + चिन्ह दिशा म्हणून ग्राह्य धरायचे की नाही, हे आपण ठरवावे. माझ्या समजण्यात चूक असेल तर कृपया सांगावे. दोन्ही पानांचे फोटो जोडले आहेत. आपण सांगाल तेव्हा मूळ उत्तरपत्रिका घेऊन येईन.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, तुकडी, हजेरी क्रमांक)

तपासनीस
छान जमलंय. एकच बदल: 'नजरेतून सुटला असावा' ऐवजी 'सहज दिसत नाही' असं कर. पहिल्यात दोष मॅडमकडे जातो, दुसऱ्यात बाणाकडे. बाण खरंच फिका आहे, तेव्हा दुसरंच वाक्य जास्त खरं आहे.

फोटो काढताना पान सपाट ठेव आणि उजेड बाजूने येऊ दे, पेन्सिल चकाकली की रेघ दिसत नाही. पान ६ चा एक पूर्ण फोटो आणि एक नुसत्या आकृतीचा. फोटोवर गोल, बाण, रंग काही करू नकोस, आहे तसाच जोड.

रानवारा
आणि उत्तर आलं नाही तर? रोज विचारायचं का?

तपासनीस
रोज नको. तीन-चार दिवस थांबून, मॅडम मोकळ्या दिसतील तेव्हा 'मेल पाहिलीत का' एवढंच विचारावं. मुद्दे पुन्हा सांगत बसू नये, ते लिहून दिलेले आहेत. गुणांची यादी त्याआधी जाणार असेल तर मात्र थांबू नये, दुसऱ्याच दिवशी भेटावं.

आकडेमोड
समजा मॅडम म्हणाल्या, 'दिशासंकेत शब्दांत लिहायला सांगितलं होतं, बाण चालणार नाही', तर?

तपासनीस
तशी सूचना प्रश्नपत्रिकेवर किंवा वर्गात खरोखर दिलेली असेल तर मांडणीचा १ गुण सोडून द्यावा लागेल. पण वेगाचा दीड तरीही विचारता येतो. दिशा शब्दांत लिहिली नाही म्हणून एकदा मांडणीत गुण गेला, मग त्याच कारणाने पुढच्या टप्प्यात पुन्हा कापायचे का, हा वेगळा प्रश्न आहे. एका चुकीला एकदाच गुण कापायचे आणि पुढचं गणित तिच्या आकड्यांवरून तपासायचं, ही पद्धत बरेच शिक्षक पाळतात. सगळे पाळत नाहीत. मॅडमची पद्धत कोणती हे त्यांनाच विचारावं लागेल, तेही त्या तसं म्हणाल्या तरच. आधीपासून मेलमध्ये नको.

आकडेमोड
मला तर बाणाला गुण न देणंच पटत नाही. आकृतीही उत्तराचाच भाग असते.

कोरा_कागद
प्रश्नपत्रिका पाहिली. सूचनांत 'आवश्यक तेथे आकृती काढा' एवढंच आहे, दिशासंकेताबद्दल काही नाही. वर्गात सांगितलं होतं का ते वहीत शोधते. 'सहज दिसत नाही' असा बदल केलाय. फोटो सकाळच्या उजेडात काढून मेल उद्या पाठवते.